रात्री तीनची जाग: ताण घालवायला घेतलेली दारू आणि चार आठवड्यांची पडताळणी

"थोडीच घेतो, ताई. दिवसभराचं डोकं उतरवायला."

व्यसनमुक्तीच्या समुपदेशनात हे वाक्य मी रोज ऐकते. त्यावर मी काही बोलत नाही. टेबलावर घरातल्यासारखा काचेचा ग्लास, पाण्याने भरलेली बाटली आणि खोकल्याच्या औषधाबरोबर मिळतं ते मापाचं झाकण ठेवते आणि म्हणते, "घरी जसा भरता तसा एक पेग भरून दाखवा." मग ते पाणी झाकणाने मोजतो.

पतसंस्थेत वसुलीचं काम करणारे एक गृहस्थ बायकोबरोबर आले होते. त्यांना इथे आपण नुसतं भाऊ म्हणू. त्यांची हकिगत मी दोन-तीन जणांच्या अनुभवांतून, ओळख पुसून, एकत्र केली आहे. वय ४४. रोज "दोन लहान पेग". लहान पेग म्हणजे ३० मिली. भाऊंनी भरलेलं पाणी मोजलं तर निघालं ८८ मिली. म्हणजे त्यांचे दोन "लहान" पेग मिळून जवळजवळ एक क्वार्टर, म्हणजे १८० मिली, होत होती. खंबा, म्हणजे मोठी बाटली, कपाटात असल्यामुळे आणि ग्लासात वरून पाणी पडत असल्यामुळे त्यांना हे खरोखरच माहीत नव्हतं. वहिनी तेवढ्यात म्हणाल्या, "रविवारी आणलेली बाटली गुरुवारी संपते, तेव्हाच मला शंका आली होती."

भाऊ दारू सोडायला आलेच नव्हते. त्यांची तक्रार वेगळी होती. रोज रात्री तीनच्या सुमारास जाग येते, छाती धडधडते, घाम येतो आणि थकबाकीदारांची यादी डोळ्यांपुढे फिरायला लागते. ईसीजी झाला, थायरॉइड झालं, सगळं नॉर्मल. दिवसा कशातच मन लागत नाही. मुलगी शाळेतलं काही सांगायला आली की "नंतर" म्हणतात आणि पुन्हा स्वतःवरच चिडतात. "या सगळ्यात तेवढे दोन तासच काय ते बरे जातात," असं ते म्हणाले.

हा लेख त्या दोन तासांबद्दल आणि तीनला येणाऱ्या जागेबद्दल आहे. ताण किंवा उदासी घालवायला रोज संध्याकाळी घेणाऱ्या माणसाने आपल्या चिंतेतला दारूचा वाटा किती आणि मुळातला वाटा किती, हे कसं शोधायचं आणि त्या वाटेत स्वतःला इजा होऊ न देता कसं चालायचं, ते सांगते.

तीनच का वाजतात

आपल्या मेंदूत एक व्यवस्था शांत करणारी असते, तिचं मुख्य रसायन गाबा. दुसरी जागं ठेवणारी, सावध करणारी असते, तिचं मुख्य रसायन ग्लुटामेट. दारू पहिलीला जोर देते आणि दुसरीला दाबते. म्हणून पहिल्या पेगनंतर खांदे सैल पडतात आणि डोक्यातली चक्रं मंदावतात. तो आराम खोटा नसतो. तो खरा असतो, म्हणूनच माणूस पुन्हा त्याच्याकडे जातो.

पण मेंदू गप्प बसत नाही. रोज रात्री बाहेरून शांततेचा डोस येतोय म्हटल्यावर तो स्वतःची शांत करणारी व्यवस्था ढिली करतो आणि सावध करणारी वाढवून ठेवतो, म्हणजे तोल सांभाळला जातो. रक्तात दारू असेपर्यंत हा तोल टिकतो. ती उतरली की वाढवून ठेवलेली सावध व्यवस्था एकटीच उरते. तीच धडधड, तोच घाम, तीच "काहीतरी वाईट होणार आहे" ही भावना.

आता भाऊंचा हिशोब मांडू. बाटलीवर ४२.८ टक्के असं लिहिलेलं असतं. १८० मिलीच्या ४२.८ टक्के म्हणजे ७७ मिली शुद्ध अल्कोहोल, वजनात साधारण ६१ ग्रॅम. शरीर तासाला साधारण ७ ते १० ग्रॅम जाळतं. ताशी ८ धरले तर ६१ ग्रॅमला साडेसात तास लागतात. भाऊ साडेआठला बसतात. साडेआठ अधिक साडेसात, म्हणजे पहाटेचे चार. तीनच्या सुमारास रक्तातली दारू जवळजवळ संपत आलेली असते आणि मेंदू उघडा पडलेला असतो. हा हिशोब कागदावर मांडला तेव्हा भाऊ बराच वेळ त्या "४.००" कडे बघत राहिले. इतके दिवस ते समजत होते की तीनची भीती वसुलीच्या टार्गेटची आहे.

झोपेचं गणितही यातच आहे. दारूने झोप लवकर लागते हे खरं. पण रात्रीच्या पहिल्या भागात ती स्वप्नांची झोप दाबते आणि उत्तररात्री ती दाबलेली झोप उसळून वर येते. त्यामुळे पहाटे झोप तुटक होते, विचित्र, ठसठशीत स्वप्नं पडतात, लघवीला उठावं लागतं. सात तास अंथरुणात पडूनही माणूस थकलेलाच उठतो, आणि थकलेल्या मेंदूला साधा फोनसुद्धा संकट वाटतो. मग संध्याकाळी पुन्हा तेच औषध.

उदासीचं तसंच. चिडून मुलीला "नंतर" म्हणणं, सकाळचं फिरणं सुटणं, मित्राचा फोन न उचलणं, महिन्याच्या हिशोबात बाटलीचे पैसे, बायकोपासून लपवाछपवी. दारूने मेंदूवर जे होतं त्याच्या जोडीला ही रोजची छोटी छोटी नुकसानं साठत जातात. नैराश्य यांवरच पोसलं जातं.

पहिला आठवडा: काही बदलू नका, फक्त मोजा

सोडण्याची घाई या आठवड्यात करायची नाही. एक साधी दोनशे पानी वही घ्या. रोज पाच गोष्टी लिहायच्या: किती मिली (मापाच्या झाकणाने), किती वाजता सुरू, किती वाजता संपली, रात्री जाग किती वाजता, आणि चिंता १० पैकी किती. चिंता तीन वेळा मांडायची: पहिला घोट घेण्याआधी, जाग आल्यावर, आणि दुसऱ्या दिवशी सकाळी अकराला.

अकराची नोंद लोक टाळतात, पण माझ्या मते तीच सगळ्यांत बोलकी. कारण पिणारा माणूस आधीच्या आणि नंतरच्या एका तासाची तुलना करतो: "आठला ८ होती, नऊला ३ झाली, बघा फायदा झाला." अकराला पुन्हा ७ झालेली असते, पण तिचा संबंध तो कालच्या ग्लासाशी लावत नाही, कामाशी लावतो.

माप करताना बिअरला हलकं समजू नका. ६५० मिलीची स्ट्राँग बिअर आठ टक्क्यांची असेल तर तिच्यात साधारण ४१ ग्रॅम अल्कोहोल असतं, म्हणजे चार लहान पेग. "मी हार्ड ड्रिंक घेत नाही, दोन बिअरच" म्हणणारा माणूस रोज आठ लहान पेग घेत असतो. बायकांच्या शरीरात पाण्याचं प्रमाण कमी असल्याने तेवढ्याच मापाने रक्तातली पातळी जास्त चढते. तेव्हा नवऱ्याइतकंच घेते म्हणून परिणामही तेवढाच, असं धरू नये.

याच आठवड्यात पीएचक्यू-९ ही नऊ प्रश्नांची नैराश्याची प्रश्नावली भरून ठेवा. समुपदेशक किंवा डॉक्टर ती मराठीतून भरून घेतात. गुण ० ते २७. दहा किंवा त्याहून जास्त आले तर डॉक्टरांशी बोलावं. भाऊंचे १७ आले. तारीख टाकून तो कागद वहीत चिकटवला.

थांबण्याआधीची तपासणी. ही पायरी कुणीही वगळू नये

इथे मी जरा थांबून बोलणार आहे, कारण चांगल्या हेतूने केलेली चूक इथे जिवावर बेतते. संकष्टीला किंवा श्रावणाच्या पहिल्या दिवशी "आजपासून बंद" म्हणून रोजचा पिणारा माणूस एका फटक्यात थांबतो, घरचे देवाला हात जोडतात, आणि दुसऱ्या दिवशी त्याला फिट येते. असे पेशंट मी पाहिले आहेत.

वर सांगितलेली सावध व्यवस्था फार वाढलेली असेल तर दारू अचानक काढल्यावर ती बेफाम होते. शेवटच्या पेगनंतर सहा ते आठ तासांत हात कापणं, घाम, मळमळ, अस्वस्थता सुरू होते. फिट आली तर बहुधा पहिल्या दोन दिवसांत येते. भ्रम, नसलेली माणसं किंवा किडे दिसणं, ताप, वेळ-जागा न कळणं ही सगळ्यांत घातक अवस्था साधारण दुसऱ्या ते चौथ्या दिवशी येते. म्हणजे पहिला दिवस बरा गेला म्हणून निर्धास्त होता येत नाही.

स्वतःला प्रामाणिकपणे विचारा. सकाळी हात थरथरतात का? चहाचा कप धरताना बशी वाजते का? थरथर थांबवायला सकाळी उतारा म्हणून पुन्हा दारू घ्यावी लागते का? आधी कधी दारू थांबल्यावर फिट किंवा भ्रम झाला होता का? रोजची मात्रा क्वार्टर किंवा जास्त आहे का? लिव्हरचा आजार, फिटचा आजार, गर्भारपण, किंवा रोज झोपेच्या गोळ्या चालू आहेत का? यातल्या एकाही प्रश्नाला "हो" असेल तर घरच्या घरी अचानक बंद करू नका. मानसोपचारतज्ज्ञ, व्यसनमुक्ती केंद्र किंवा जिल्हा रुग्णालयातल्या मानसोपचार विभागात आधी जा. तिथे पोचेपर्यंत रोजची मात्रा आहे तेवढीच ठेवा, वाढवू नका. आधी फिट किंवा भ्रम झालेला असेल तर दाखल होऊनच थांबवायचं, त्यात तडजोड नाही.

डॉक्टर बहुधा क्लोरडायझेपॉक्साइड किंवा लोरॅझेपाम यांसारखी गोळी देतात आणि काही दिवसांत पायरीपायरीने कमी करून बंद करतात. ती गोळी दारूच्या जागी मेंदूला तात्पुरता टेकू देते. सोबत जीवनसत्त्व बी-१, म्हणजे थायमिन देतात, कारण रोज पिणाऱ्याच्या शरीरात ते कमी पडतं आणि फार कमी पडलं तर डोळे, चाल आणि स्मरण यांवर परिणाम होतो. शेजाऱ्याची उरलेली अल्प्राझोलामची पट्टी घेऊन हा प्रयोग करायचा नाही. त्या गोळ्या दारूवर घेतल्या तर श्वास मंदावून माणूस दगावू शकतो, आणि नुसत्या घेत राहिलं तर त्यांचीच सवय लागते.

रोज तीन-चार लहान पेगांच्या आत असाल आणि वरच्या सगळ्या प्रश्नांना "नाही" असेल, तर बहुतेकांना थेट थांबता येतं. तरीही घरातल्या एकाला सांगून ठेवा आणि पहिले तीन-चार दिवस एकटे राहू नका.

भाऊंना सकाळी सही करताना हात किंचित कापत होता आणि मात्रा क्वार्टरची होती. त्यामुळे ते मानसोपचारतज्ज्ञांकडे गेले. आठवड्याची रजा टाकली, गोळ्या वहिनींनी आपल्याकडे ठेवल्या आणि डॉक्टरांनी तिसऱ्या दिवशी पुन्हा बघितलं.

पहिले दहा दिवस: या दिवसांवरून निकाल काढू नका

थांबल्यावर लगेच बरं वाटेल अशी अपेक्षा असते आणि तिथेच घात होतो. दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी चिंता आधीपेक्षा वाढते. झोप आणखी बिघडते, स्वप्नं पडतात, माणूस चिडचिडा होतो. मग मनात येतं, "बघा, दारूशिवाय माझी चिंता किती आहे! म्हणजे मला ती लागतेच." वहीत चौथ्या दिवशी भाऊंनी हेच लिहिलं होतं, जाग २.४०, चिंता ९. खाली ओळ: "यापेक्षा पूर्वी बरं होतं."

ही चिंता तुमच्या स्वभावाची नाही, वाढवून ठेवलेल्या सावध व्यवस्थेची आहे, आणि ती खाली यायला दिवस लागतात. बहुतेकांची तीव्र अस्वस्थता आठवड्याभरात ओसरते. झोप मात्र उशिरा सुधारते, काहींना महिना-दोन महिनेही लागतात. रात्री जाग आली तर अंथरुणात लोळत राहू नका. दुसऱ्या खोलीत मंद दिव्यात बसा, घड्याळ आणि मोबाइल बघू नका, डोळे जड झाले की परत या. दुपारनंतर चहा नको, हे सांगितलं की लोक नाराज होतात, पण दारू सुटली की चहाची संख्या नकळत दुप्पट होते आणि तीही धडधड वाढवते.

सात ते साडेनऊ

इच्छा दिवसभर नसते. तिची वेळ ठरलेली असते. भाऊंची वेळ ऑफिसातून निघाल्यापासून जेवणापर्यंत होती. तेवढ्या अडीच तासांची आखणी केली की निम्मं काम होतं.

पहिली गोष्ट पोट. सातला रिकाम्या पोटी घरी येणारा माणूस भुकेलाच तलफ समजतो. आम्ही भाऊंना ऑफिसातून निघतानाच शेंगदाणे-गूळ किंवा दोन केळी खायला सांगितली आणि जेवण साडेनऊवरून पावणेआठला आणलं. भरल्या पोटावर दारूची ओढ स्पष्ट कमी होते. घरात चकणा आणणंही बंद केलं, कारण फरसाणाची पुडी उघडली की हात ग्लास शोधतो. दुसरी गोष्ट रस्ता. नेहमीच्या दुकानावरून जाणारा रस्ता दोन महिने बदलला. कपाटातली बाटली वहिनींनी नाही, भाऊंनी स्वतः ओतून दिली.

तलफ आली की ती लाटेसारखी वर जाते आणि साधारण अर्ध्या तासाच्या आत उतरते. तेवढा वेळ हाताला आणि पायाला काम द्यायचं. अंघोळ, पाणी भरणं, जिना उतरून एक फेरी.

आता त्या वेळेत काय भरायचं? इथे गोव्यातलं एक काम आठवतं. तिथल्या प्राथमिक आरोग्य केंद्रांत, मानसशास्त्राची पदवी नसलेल्या पण नीट प्रशिक्षण दिलेल्या स्थानिक समुपदेशकांनी नैराश्याच्या रुग्णांना सहा ते आठ भेटींत मदत केली, आणि जास्त पिणाऱ्या पुरुषांसाठी वेगळ्या, एक ते चार भेटी ठेवल्या. दोन्ही प्रयोग २०१७ मध्ये 'द लॅन्सेट'मध्ये छापून आले. दारूच्या प्रयोगात तीन महिन्यांनी समुपदेशन मिळालेल्यांपैकी ३६ टक्के लोक धोक्याच्या पातळीखाली आले होते, फक्त नेहमीचे उपचार मिळालेल्यांपैकी २६ टक्के. नैराश्याच्या भेटींतलं मुख्य तंत्र साधं होतं: मन लागण्याची वाट बघायची नाही, आधी कृती करायची. एके काळी बरं वाटायचं अशी छोटी गोष्ट वेळ ठरवून करायची, मन नंतर मागून येतं.

भाऊंना पूर्वी भजनाची आवड होती, पण पेटी चार वर्षं माळ्यावर होती. ती खाली काढली आणि रोज आठ वाजता पंधरा मिनिटं वाजवायची ठरली. आवडो न आवडो, पंधरा मिनिटं. शिवाय सहा वाजता ऑफिसातच "तीनची यादी" लिहायची: रात्री जे विचार येतील ते आताच कागदावर, प्रत्येकापुढे उद्या सकाळी करायची एक कृती. पाटलांचा हप्ता थकला, सकाळी दहाला फोन. चुलतभावाला जामीन राहिलोय, शनिवारी त्याच्या घरी जायचं. हा कागद ड्रॉवरमध्ये ठेवूनच निघायचं.

घरच्या माणसांसाठी

प्यायलेल्या माणसाशी रात्री दारूवर बोलू नका. सकाळी, चहानंतर, जे दिसलं तेवढंच सांगा: "काल तीनला तुम्ही गॅलरीत बसला होतात, मला काळजी वाटली. आपण दोघं जाऊन एकदा दाखवू." शपथा, मुलांच्या डोक्यावर हात, चारचौघांत पाणउतारा यांनी लाज वाढते, आणि ती लाज उतरवायला माणूस पुन्हा बाटलीकडेच जातो.

आणि एक कळकळीची विनंती. "नकळत दारू सोडवणारं औषध" म्हणून जेवणात काहीही मिसळू नका. त्यात डायसल्फिराम असू शकतं. ते पोटात असताना माणूस प्यायला तर चेहरा लाल होणं, उलट्या, जोराची धडधड, रक्तदाब कोसळणं असं होतं आणि हृदयरोग असलेला माणूस मरू शकतो. हे औषध डॉक्टर देतात, पण रुग्णाच्या पूर्ण संमतीने, तपासण्या करून. तलफ कमी करणारी नाल्ट्रेक्झोन आणि अकॅम्प्रोसेट ही औषधंही आहेत. त्यांबद्दल डॉक्टरांना उघड विचारा.

जगण्यात अर्थ नाही, माझ्यामुळे सगळ्यांना त्रास, असं बोलणं आलं तर ते दारूचं बोलणं म्हणून सोडून देऊ नका. उदास माणसाच्या मनातला विचार आणि कृती यांमधला बांध दारू काढून टाकते. अशा वेळी माणसाला एकटं सोडायचं नाही, शेतावरची फवारणीची औषधं आणि घरातला गोळ्यांचा साठा कुलपात किंवा दुसऱ्याच्या घरी ठेवायचा, आणि त्याच दिवशी डॉक्टर गाठायचा. टेली-मानस या सरकारी मानसिक आरोग्य सेवेच्या १४४१६ या क्रमांकावर चोवीस तास मराठीतून बोलता येतं. व्यसनमुक्तीसाठी राष्ट्रीय क्रमांक १४४४६ आहे. फिट, भ्रम, ताप किंवा रक्ताची उलटी असेल तर फोनवर सल्ला घेत बसू नका, १०८ ला फोन करून रुग्णालयात जा.

चार आठवड्यांनी पुन्हा मोजा

आता ज्यासाठी सगळं केलं ती पायरी. पूर्ण चार आठवडे कोरडे गेले की पीएचक्यू-९ पुन्हा भरायची आणि पहिल्या कागदाशेजारी चिकटवायची.

चारच आठवडे का? १९८८ मध्ये सँड्रा ब्राउन आणि मार्क शुकिट यांनी अमेरिकेत दारूच्या उपचारासाठी दाखल झालेल्या पुरुषांची उदासी आठवड्यामागून आठवडा मोजली. दाखल होताना ४२ टक्के लोकांत ठळक नैराश्य होतं. चार आठवडे दारूविना गेल्यावर ते फक्त ६ टक्क्यांत उरलं. म्हणून बरेच डॉक्टर महिनाभर वाट बघून नैराश्याचं पक्कं निदान करतात. याला अपवाद आहे: दारूच्या आधीपासून नैराश्य होतं, घराण्यात आहे, किंवा आत्महत्येचे विचार आहेत, तर महिनाभर थांबायचं नाही, दोन्ही उपचार एकदमच सुरू करायचे.

गुण पाचाच्या खाली गेले तर उदासीचा मोठा भाग दारूचाच होता, असं धरायला हरकत नाही. दहाच्या वर राहिले तर तुमचं नैराश्य दारूच्या पलीकडचं आहे, त्याला स्वतंत्र उपचार हवेत. नैराश्याच्या गोळ्यांचा परिणाम दिसायला दोन ते चार आठवडे लागतात, आणि वरून दारू चालू असेल तर त्या नीट काम करत नाहीत. "गोळी खाऊन बघितली, काही उपयोग नाही" म्हणणाऱ्या पुष्कळांनी ती रोजच्या क्वार्टरसोबत खाल्लेली असते.

भाऊंचे १७ चे ८ झाले. तीनची जाग आठवड्यातून एकदा. अकराची चिंता ७ वरून ३ वर. राहिलेल्या ८ मध्ये काय आहे तेही आता स्वच्छ दिसायला लागलं: चुलतभावाच्या कर्जाला राहिलेली जामीनकी, आणि कुणाच्याही दारात वसुलीला जाताना होणारी घुसमट. ते दारूने आलेलं नव्हतं, दारूने फक्त झाकलेलं होतं. त्यावर आम्ही पुढच्या भेटींत बोललो, आणि त्यांनी कार्यालयात वसुलीऐवजी कर्जछाननीचं काम मागून घेतलं.

या टप्प्यावर हटकून मनात येतं, "आता बरा झालो, एखाद्या लग्नात दोन घेतल्या तर काय?" ज्याने ताण किंवा उदासी घालवायला दारू वापरली आहे, त्याने निदान सहा महिने तरी हा प्रश्न उघडू नये असं माझं मत आहे. ज्याला थांबताना कापरं भरलं होतं, त्याने कधीच नाही.

भाऊंनी मात्र सहाव्या आठवड्यात घेतली. ऑडिटचा दिवस होता, साहेब सगळ्यांसमोर बोलले, आणि जुन्या रस्त्याने ते घरी आले. एक क्वार्टर. दुसऱ्या दिवशी त्यांनी मला फोन केला नाही, लाजेने. पण वही बंद केली नव्हती. पुढच्या भेटीला ती माझ्यापुढे सरकवली. त्या पानावर त्यांच्या बारीक अक्षरात होतं: १८० मिली. सुरू ८.३५. संपली १०.२०. आधी चिंता ८. जाग ३.१०, चिंता ९. सकाळी अकराला ८. आणि खाली, दुसऱ्या पेनने, बहुधा नंतर लिहिलेलं: ऑडिट काल दुपारीच संपलं होतं.